अ‍ॅपवर जिंकलेले पैसे आणि कराचा हिशेब: अनुभवाचे बोल

आमच्या इचलकरंजी भागात विवरणपत्रं भरून देण्याचं काम मी करतो. गेल्या काही हंगामांत माझ्याकडे येणाऱ्या तरुणांच्या बँक खात्यांत क्रिकेटच्या फँटसी अ‍ॅपचे, रमीचे आणि पोकरचे व्यवहार फार दिसू लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला आणि मोठ्या अ‍ॅपनी हे खेळ थांबवले. पण त्याआधीच्या वर्षांची कमाई कराच्या नोंदीत आहे आणि तिच्याबद्दल विचारणा आजही होऊ शकते. म्हणून माझ्या कामातून जे उमगलं ते इथे लिहितो.

१. कर जिंकलेल्या प्रत्येक डावावर लागत नाही, वर्षाच्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर लागतो.

आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकर कायद्यात ऑनलाइन खेळांसाठी ११५बीबीजे हे वेगळं कलम आलं. दर सरसकट ३० टक्के, त्यावर ४ टक्के उपकर. पगार कितीही कमी असो, करमुक्त मर्यादेचा फायदा या रकमेला मिळत नाही.

निव्वळ रक्कम काढण्याची पद्धत नियम १३३ मध्ये दिली आहे. वर्षभरात अ‍ॅपमधून काढलेली रक्कम घ्यायची, तीत ३१ मार्चला अ‍ॅपच्या खात्यात पडून असलेली शिल्लक मिळवायची. त्यातून तुम्ही स्वतः भरलेले पैसे आणि १ एप्रिलची शिल्लक वजा करायची. उरेल ते जिंकलेलं.

बरेच जण अ‍ॅपमधल्या ‘जिंकलात’ अशा सगळ्या नोंदींची बेरीज करून माझ्याकडे येतात आणि आकडा पाहून घाबरतात. जिंकलेली रक्कम पुन्हा पुढच्या डावाला लावली की ती त्या बेरजेत दोनदा, चारदा येते. डावाची प्रवेश फी आणि बक्षिसाच्या नोंदी या हिशेबात लागतच नाहीत. लागतो फक्त आत गेलेला पैसा, बाहेर आलेला पैसा आणि दोन तारखांच्या शिल्लका.

२. कापलेला कर म्हणजे ठरलेला कर नव्हे.

यंत्रमागाच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका मुलाचं २०२४-२५ चं उदाहरण सांगतो. १ एप्रिलला त्याच्या अ‍ॅपमध्ये २,००० रुपये होते. आयपीएलमध्ये त्याने ८,००० भरले आणि मे महिन्यात ६०,००० काढले. अ‍ॅपने तेव्हाच हिशेब केला: ६०,००० वजा १०,०००, म्हणजे ५०,००० जिंकले. त्यावर कलम १९४बीएखाली १५,००० कापले आणि बँकेत ४५,००० आले.

पुढे त्याने आणखी ३०,००० भरले आणि जवळपास सगळे घालवले. ३१ मार्चला शिल्लक होती १,०००. माझ्यासमोर बसून तो म्हणाला, “साहेब, पंधरा हजार कापलेत ना, मग माझा विषय संपला.” मी त्याला कागदावर मांडून दाखवलं. ६०,००० अधिक १,०००, त्यातून भरलेले ३८,००० आणि सुरुवातीचे २,००० वजा. वर्षाचं निव्वळ उत्पन्न २१,०००. त्यावर कर ६,३००, उपकर २५२, एकूण ६,५५२. कापले होते १५,०००. त्याच्या बाकी उत्पन्नावर कर बसत नव्हता, म्हणून ८,४४८ रुपये परत मिळण्यासारखे होते.

पैसे काढताना अ‍ॅप त्या दिवसापर्यंतचाच हिशेब पाहतं. नंतर भरलेले पैसे त्या कपातीत येत नाहीत आणि जादा कापलेला कर वर्षाअखेरीला अ‍ॅप परत देत नाही. तो मागायची जागा विवरणपत्र हीच आहे. ‘आपलं उत्पन्न कमी, विवरणपत्र कशाला’ म्हणून बसलेल्या मुलांचे असे पैसे जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं. सहज म्हणजे आयटीआर-१ मात्र इथे चालत नाही. पगारदाराने आयटीआर-२ भरायचा, धंदा असेल तर आयटीआर-३.

३. एआयएसमधला आकडा आणि तुमचा आकडा वेगळा आला, तर पुरावा तुम्हालाच द्यावा लागतो.

या मुलाच्या वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, १९४बीएखाली ५०,००० दिसत होते, आणि विवरणपत्रात आम्ही २१,००० दाखवले. अशा फरकावर विभागाकडून विचारणा येऊ शकते. तेव्हा उपयोगी पडतो तो अ‍ॅपचा १ एप्रिल ते ३१ मार्चचा पूर्ण व्यवहार-उतारा, लेजर. त्यातले भरलेले पैसे बँकेच्या किंवा यूपीआयच्या उताऱ्याशी एकेक करून जुळवायचे. अडकून परत आलेले व्यवहार वगळायचे, कारण बँकेत ते आधी गेलेले दिसतात आणि मग परत आलेले. काढलेली रक्कम मात्र बँकेतून उचलायची नाही. बँकेत ४५,००० दिसतात, पण हिशेबात कर कापण्याआधीचे ६०,००० धरायचे. फॉर्म १६ए सोबत असला की हा फरक लगेच स्पष्ट होतो.

३१ मार्चच्या शिल्लकेचा स्क्रीनशॉट बहुतेकांकडे नसतो. ती शिल्लक या वर्षी जिंकलेल्यात धरली जाते, म्हणूनच पुढच्या वर्षी सुरुवातीची शिल्लक म्हणून वजा होते. नोंद नसेल तर ती वजावट सिद्ध करता येत नाही.

४. अ‍ॅपने दिलेला बोनस हा तुमचा भरणा नाही. तो भरलेल्या पैशांत मिळवू नका. नुसता खेळण्यापुरता असेल तोवर तो हिशेबाबाहेर राहतो, आणि काढता आला की जिंकलेल्यात जमा होतो.

५. एका अ‍ॅपचा तोटा दुसऱ्या अ‍ॅपच्या फायद्यातून वजा होत नाही.

त्याच मुलाने दुसऱ्या एका अ‍ॅपवर २५,००० घालवले होते. तिथली निव्वळ जिंकलेली रक्कम शून्य धरली जाते, उणे २५,००० नाही. म्हणजे वर्षाअखेरीला त्याच्या खिशातून पैसे गेले होते, तरी २१,००० वर कर लागलाच. तोटा पुढच्या वर्षी ओढता येत नाही, आणि इंटरनेट किंवा टिप्स देणाऱ्या ग्रुपचा खर्चही वजा होत नाही. एकाच कंपनीच्या अ‍ॅपमध्ये तुमची अनेक खाती असतील तर ती मात्र एकत्र धरली जातात.

६. परदेशी सट्ट्याच्या अ‍ॅपवरून आलेला पैसा सगळ्यात अवघड.

तिथे कर कापला जात नाही, लेजर मिळत नाही, आणि पैसे कुणा अनोळखी माणसाच्या खात्यातून येतात. सट्टा बेकायदा असला तरी त्याचं उत्पन्न करपात्रच असतं. त्यात जमा रकमेचा स्रोत पटवून देता आला नाही, तर मार्च २०२६ पर्यंतच्या वर्षांसाठी कलम ११५बीबीईखाली कर, अधिभार आणि उपकर मिळून ७८ टक्के जातात. माझ्याकडे असा कुणी आला की त्याचे संदेश, व्यवहार क्रमांक, खात्याच्या पानांचे स्क्रीनशॉट, जे हाताशी असेल ते तारखेवार लावायला मी आधी सांगतो.

७. बंद पडलेल्या अ‍ॅपमधून उतारे आत्ताच काढून घ्या.

नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले, पण आधीच्या वर्षांचा हिशेब जुन्या कायद्यानेच होतो. जुनं प्रकरण सर्वसाधारणपणे संबंधित कर-निर्धारण वर्ष संपल्यावर तीन वर्षं तीन महिन्यांपर्यंत उघडता येतं, मोठ्या रकमेसाठी त्याहून जास्त. तोवर तुमचं लॉगिन चालू राहील याची खात्री नाही. लॉगिन होत असेल तर २०२३-२४ पासूनच्या प्रत्येक वर्षाचं लेजर, ३१ मार्चच्या शिल्लका आणि फॉर्म १६ए आजच उतरवून घ्या आणि बँकेच्या उताऱ्यांसोबत एका फोल्डरमध्ये ठेवा.