तीन वर्तुळं आणि मधले सात जण

नववीच्या गणितात ‘संच’ हा पहिलाच धडा असतो, आणि तो सोपा वाटतो म्हणून भराभर उरकला जातो. पुढे स्पर्धा परीक्षांच्या बुद्धिमत्ता चाचणीत आणि कॅटच्या माहिती-विश्लेषणात तेच तीन छेदणाऱ्या वर्तुळांचे प्रश्न समोर येतात. वर्कशीटवर मुलाचं उत्तर चुकलं की पालकांना बेरीज-वजाबाकी कच्ची वाटते. बहुतेक वेळा बेरीज बरोबरच असते. चूक होते ती वाक्य वाचताना.

एक उदाहरण नीट सोडवून पाहू. एका महाविद्यालयात बारावी विज्ञानाचे १२० विद्यार्थी आहेत. ७८ जणांनी सीईटीचा अर्ज भरला, ५० जणांनी जेईईचा, ४६ जणांनी नीटचा. सीईटी आणि जेईई भरणारे ३४, सीईटी आणि नीट भरणारे २२, जेईई आणि नीट भरणारे ११. तिन्ही भरणारे ७. एकही अर्ज न भरणारे किती?

बरीच मुलं इथे सीईटी आणि जेईईच्या सामाईक पाकळीत, मधला भाग सोडून, थेट ३४ लिहितात. पण ‘सीईटी आणि जेईई भरणारे ३४’ या वाक्यात ‘फक्त’ हा शब्द नाही. तिन्ही परीक्षांना बसणारे सात जण सीईटीलाही बसतात आणि जेईईलाही, म्हणजे ते या ३४ मध्ये आधीच धरलेले आहेत. दोन वर्तुळांचा छेद म्हणजे ती संपूर्ण पाकळी, मधल्या तुकड्यासह.

म्हणून आकृती आतून बाहेर भरायची. मध्यभागी ७ लिहा. मग सीईटी-जेईईच्या उरलेल्या भागात ३४ − ७ = २७, सीईटी-नीटच्या भागात १५ आणि जेईई-नीटच्या भागात ४. आता फक्त सीईटी भरणारे काढायला ७८ मधून त्या वर्तुळातले ७, २७ आणि १५ वजा करा, २९ उरतात. तसेच फक्त जेईईचे १२ आणि फक्त नीटचे २० येतात. सातही भागांची बेरीज ११४. विश्वसंचात १२० आहेत, म्हणून वर्तुळांबाहेर ६.

चुकीच्या वाटेनं गेलं तर काय होतं, हेही मुलाला एकदा करून बघू द्या. पाकळ्यांत ३४, २२ आणि ११ तसेच ठेवले आणि मध्ये ७ लिहिले, तर फक्त जेईईसाठी ५० − ३४ − ११ − ७ = −२ येतं. उणे दोन विद्यार्थी असू शकत नाहीत, त्यामुळे इथे चूक लगेच दिसते. मात्र ऋण संख्येवर विसंबून राहू नये. जेईई भरणारे ५४ असते, तर त्याच चुकीच्या पद्धतीनं २ आले असते आणि कोणाला शंकाही आली नसती. खात्रीची तपासणी एकच: भरलेल्या आकृतीवरून दिलेली प्रत्येक संख्या परत वाचायची. चुकलेल्या आकृतीत सीईटी-जेईईची पूर्ण पाकळी ३४ + ७ = ४१ भरते, प्रश्नात मात्र ३४ आहे. याला अर्धा मिनिट लागतो, आणि माझ्या मते सूत्र पाठ करण्यापेक्षा ही सवय जास्त मोलाची आहे.

आकृती बरोबर भरूनही गुण जातात, ते प्रश्नातल्या छोट्या शब्दांमुळे. ‘नेमक्या दोन परीक्षा’ विचारलं तर २७ + १५ + ४ = ४६. ‘किमान दोन’ म्हटलं की मधले ७ येऊन मिळतात, ५३ होतात. ३४, २२ आणि ११ यांची सरळ बेरीज ६७ येते आणि ती यांपैकी कशाचंच उत्तर नाही, कारण तिच्यात ते सात जण तीनदा मोजले गेले आहेत. ‘किंवा’ही असाच फसवतो. घरात ‘चहा किंवा कॉफी’ म्हणजे दोन्हींतलं एकच; संचांच्या भाषेत ‘जेईई किंवा नीट’मध्ये दोन्ही भरणारेही येतात, म्हणून ५० + ४६ − ११ = ८५.

माहिती-विश्लेषणाच्या नोकरीत हाच प्रश्न वेगळ्या वेषात भेटतो: तीन याद्या एकत्र केल्या, तर वेगवेगळे ग्राहक नेमके किती? तिथे एकच माणूस दोनदा मोजला गेला, तर पुढचे सगळे आकडे फुगतात.

चार संच आले की मात्र वर्तुळांचा हट्ट सोडावा. चार संचांना बाहेरचा धरून सोळा भाग लागतात, आणि चार वर्तुळं कशीही काढली तरी चौदाच्या वर भाग होत नाहीत. दोन भाग कागदावर नसतातच, तिथले विद्यार्थी मोजणार कुठे? खुद्द जॉन वेन यांनीही चार संचांसाठी लंबवर्तुळं वापरली होती. परीक्षेत त्याहून सोयीचा पडतो तो होय-नाहीचा सोळा ओळींचा तक्ता.