भाकरी, डाळ आणि ल्युसिन : वजन उतरवताना स्नायू कसे राखावेत?

व्यायामशाळेत जाणारी मुले चरबी कमी करायच्या काळाला ‘कटिंग’ म्हणतात. त्या काळात जेवण कमी केले की वजन उतरते, पण उतरलेल्या वजनात चरबी किती आणि स्नायू किती, हे काट्यावर दिसत नाही. दोन महिन्यांनी कंबर दोन इंच कमी होते, आणि दंड व मांड्याही बारीक झालेल्या असतात. पूर्वी सहज उचलले जाणारे वजन आता उचलत नाही. हे टाळायचे असेल तर दोन गोष्टी लागतात. वजन उचलण्याचा व्यायाम चालू ठेवायचा आणि प्रत्येक जेवणात पुरेशी प्रथिने घ्यायची. या लेखात आपण दुसऱ्या गोष्टीचा विचार करू.

स्नायू रोज थोडे झिजतात आणि रोज थोडे बांधले जातात. प्रथिने ज्या घटकांची बनलेली असतात त्यांना अमिनो आम्ले म्हणतात. त्यांतील नऊ शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. ल्युसिन हे त्यांपैकी एक, आणि त्याचे काम थोडे वेगळे आहे. जेवणानंतर रक्तात ल्युसिन पुरेसे वाढले की स्नायूंना ‘बांधकाम सुरू करा’ असा इशारा मिळतो. त्यासाठी एका जेवणात साधारण दोन ते तीन ग्रॅम ल्युसिन लागते. पण इशारा मिळाला म्हणजे भिंत उभी राहत नाही. विटा म्हणून उरलेली आठही आम्ले हजर असावी लागतात.

हे समजायला आपली ज्वारीची भाकरी उत्तम उदाहरण आहे. ज्वारीच्या प्रथिनांत ल्युसिन भरपूर, सुमारे १२ टक्के असते. अंड्याच्या प्रथिनांत ते साडेआठ टक्क्यांच्या आसपास असते. मग ज्वारी अंड्यापेक्षा सरस का नाही? कारण तिच्यात लायसिन हे दुसरे आवश्यक आम्ल फार कमी, दोन टक्क्यांच्या आसपास असते. शिवाय शिजवलेल्या ज्वारीची प्रथिने पचायलाही थोडी जड असतात. म्हणजे गवंड्याला हाक जोरात दिली, पण विटांची गाडी अर्धीच आली. नुसती ल्युसिनची पावडर पाण्यात घालून पिणाऱ्याचेही असेच होते.

तूरडाळीत लायसिन चांगले असते, म्हणून भाकरी आणि डाळ एकमेकींची उणीव भरून काढतात. अडचण येते ती प्रमाणाची. सत्तर किलो वजनाचा एक तरुण धरू. त्याचे दुपारचे जेवण म्हणजे प्रत्येकी ६० ग्रॅम पिठाच्या दोन भाकरी आणि ३० ग्रॅम कोरड्या डाळीचे एक वाटी वरण. यातून सुमारे ५१० कॅलरी आणि फक्त १८ ग्रॅम प्रथिने मिळतात. ल्युसिन १.९ ग्रॅम, लायसिन जेमतेम पाऊण ग्रॅम. एरवी तो आणखी एक भाकरी आणि आणखी एक वाटी वरण घेऊन भर काढेल. पण कटिंगमध्ये कॅलरी मोजूनमापून घ्यायच्या असतात. तूरडाळीतूनच ३० ग्रॅम प्रथिने हवी असतील तर जवळपास १४० ग्रॅम कोरडी डाळ शिजवावी लागेल, आणि त्यातच पावणेपाचशे कॅलरी जातील.

आता तेच जेवण थोडे बदलू. एक भाकरी कमी करायची, वरण तेवढेच ठेवायचे आणि ४० ग्रॅम कोरड्या सोयावडीची भाजी घ्यायची. कॅलरी होतात सुमारे ४४५, म्हणजे आधीपेक्षा कमी (फोडणीचे तेल दोन्हीकडे वेगळे धरावे). प्रथिने मात्र ३३ ग्रॅम, ल्युसिन २.८ ग्रॅम आणि लायसिन दोन ग्रॅमच्या जवळ. इशाराही मिळाला आणि विटाही आल्या.

एका जेवणात किती प्रथिने घ्यावीत, याचा सोपा हिशेब असा : आपल्या वजनाच्या दर किलोमागे ०.४ ग्रॅम. सत्तर किलोला २८ ग्रॅम. अशी चार जेवणे झाली की दिवसाला किलोमागे १.६ ग्रॅम होतात. कटिंगमध्ये याहून थोडे जास्त, दोन ग्रॅमच्या आसपास घेतले तरी चालते. आपल्या तरुणाचा दिवस असा बसेल : सकाळी पोह्यांऐवजी तीन अंडी, एक पेला दूध आणि अर्धी भाकरी, म्हणजे ३० ग्रॅम. दुपारी वरचे जेवण, ३३ ग्रॅम. व्यायामानंतर मूठभर नव्हे, तर मोजून ५० ग्रॅम फुटाणे आणि एक पेला दूध, सुमारे १९ ग्रॅम. रात्री १४० ग्रॅम बिनहाडाचे चिकन आणि एक भाकरी, ३७ ग्रॅम. एकूण जवळपास १२० ग्रॅम झाले, आणि महागडा डबा विकत घ्यावा लागला नाही. सुकट किंवा सुके बोंबील यांच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग प्रथिनांचा असतो. मात्र मीठ जास्त असते, म्हणून आधी भिजवून, दोन पाण्यांनी धुऊन घ्यावेत. पनीर चांगले, पण त्यात चरबीही बरीच असते, तिचा हिशेब धरावा.

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात झालेला एक प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. जाड झालेल्या तरुणांचा आहार चार आठवडे ४० टक्क्यांनी कमी केला आणि सर्वांकडून कसून व्यायाम करून घेतला. किलोमागे १.२ ग्रॅम प्रथिने घेणाऱ्यांची चरबी साडेतीन किलो उतरली आणि स्नायू जवळपास होते तेवढेच राहिले. २.४ ग्रॅम घेणाऱ्यांची चरबी ४.८ किलो उतरली आणि चरबीविरहित वजन सव्वा किलोच्या आसपास वाढले. ही मुले मुरलेली व्यायामपटू नव्हती. वर्षानुवर्षे वजन उचलणाऱ्याने अशा वाढीची अपेक्षा ठेवू नये. त्याने आहे ते राखले तरी पुष्कळ.

ल्युसिनचा आकडा मात्र डोक्यावर घेऊ नये. पहिला हिशेब दिवसाच्या एकूण प्रथिनांचा, दुसरा जेवणांत वाटणीचा. एका जेवणात ३० ग्रॅमच्या वर घेतलेली प्रथिने वाया जातात, हा समजही खरा नाही. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठाने २०२३ साली दाखवले की व्यायामानंतर एकदम १०० ग्रॅम घेतली तरी शरीर ती अनेक तास वापरत राहते. वाटणी करायची ती यासाठी की सकाळी पोहे, संध्याकाळी चहा-बिस्किटे आणि सगळी भिस्त रात्रीच्या जेवणावर ठेवली, तर दिवसाचा आकडा बहुधा गाठलाच जात नाही.

सर्वांत जास्त चूक होते ती वजन करताना. १०० ग्रॅम कोरड्या डाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, पण शिजलेल्या १०० ग्रॅम डाळीत सहा-सातच. सोयावडी भिजल्यावर जवळपास तिप्पट जड होते. म्हणून डाळ, वडी, चिकन नेहमी शिजवण्यापूर्वी तोलावे.

आपले बरोबर चालले आहे का, हे वहीत कळते. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का, म्हणजे सत्तर किलोला ३५० ते ७०० ग्रॅम उतरावे. पहिल्या आठवड्यात जास्त उतरले तर त्यात बरेचसे पाणी असते. पुढे दोन आठवडे सलग बैठका मारताना पाठीवरचे वजन कमी करावे लागत असेल आणि कंबर तेवढीच असेल, तर स्नायू जात आहेत असे समजावे. अशा वेळी आधी दिवसाची प्रथिने मोजावीत. ती पुरेशी असतील तर जेवणातली कपात थोडी कमी करावी आणि झोप पाहावी.

ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी हे प्रमाण स्वतःहून घेऊ नये. मधुमेह किंवा रक्तदाब जुना असेल तर आधी क्रिएटिनिनची तपासणी करून घ्यावी आणि डॉक्टरांना विचारूनच प्रथिने वाढवावीत.