ब्राँकिएक्टॅसिस : कफ रोज बाहेर काढण्याची पद्धत आणि आजार उफाळण्यास प्रतिबंध

क्षयरोगाचा औषधोपचार पूर्ण झाला, थुंकी तपासणी निर्दोष आली, तरीही खोकला आणि कफ वर्षानुवर्षे जात नाही, अशी तक्रार घेऊन सांगवी, माळेगाव, पणदरे या परिसरातील रुग्ण आपल्या बाह्यरुग्ण विभागात येत असतात. घरच्यांना वाटते की क्षयरोग परतला. पुष्कळदा तसे नसते. क्षयरोग बरा झालेला असतो, पण जाताना त्याने श्वासनलिकांच्या भिंतींची हानी केलेली असते. या हानीस ब्राँकिएक्टॅसिस म्हणतात. त्याचा अर्थ श्वासनलिका कायमच्या रुंदावणे. सन २०१९ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात भारतातील ३१ केंद्रांतील २,१९५ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यात या आजाराचे सर्वाधिक आढळलेले कारण पूर्वी होऊन गेलेला क्षयरोग हेच होते आणि त्याचे प्रमाण सुमारे ३५ टक्के होते. बालपणीचा गोवर, डांग्या खोकला अथवा न्यूमोनिया यांमुळेही हा आजार होतो.

शरीरात नेमके काय घडते, हे आपल्याकडील शेतकऱ्यास समजावून सांगणे अवघड नाही. नीरा डाव्या कालव्याच्या एखाद्या चारीची कड ढासळली की त्या ठिकाणी चारी रुंद होते, पाण्याचा वेग मंदावतो, गाळ बसतो आणि साचलेल्या पाण्यात शेवाळ धरते. निरोगी श्वासनलिकेच्या आतील अतिसूक्ष्म केस कफाला सतत घशाकडे ढकलत असतात. भिंत खराब झाल्यावर हे काम बंद पडते, कफ साचतो, साचलेल्या कफात जंतू वाढतात, जंतूंमुळे सूज येते आणि सुजेने भिंत आणखी खराब होते. प्रतिजैविक औषधे जंतूंची संख्या कमी करतात, परंतु गाळ उपसत नाहीत. गाळ उपसण्याचे काम रुग्णाला स्वतः, बरे वाटत असतानाही, रोज करावे लागते. ही गोष्ट पटवणे हाच या उपचारातील सर्वांत कठीण भाग आहे.

येथे एका बाईंचे उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन रुग्णांचे तपशील एकत्र केले आहेत. वय बावन्न, उसाचे शेत, ऐन विशीत क्षयरोग होऊन उपचार पूर्ण झालेले. गेली आठ-दहा वर्षे रोज सकाळी कफ, आणि वर्षातून तीन वेळा ताप, धाप व हिरवा बेडका. प्रत्येक वेळी पाच दिवसांच्या गोळ्या घेऊन चार दिवस बरे वाटे आणि पुन्हा तेच सुरू होई. मध्यंतरी एका ठिकाणी थुंकीत जंतू न सापडताही क्षयरोगाची औषधे दुसऱ्यांदा सुरू करण्यात आली होती. छातीच्या सी.टी. स्कॅनमध्ये डाव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागातील नलिका रुंदावलेल्या दिसल्या. साध्या क्ष-किरण चित्रात हा आजार अनेकदा निसटतो, म्हणून संशय असल्यास स्कॅनचा खर्च टाळू नये असे माझे मत आहे. चुकीच्या औषधांची दोन वर्षे त्याहून महाग पडतात.

बाईंना प्रथम औषध दिले नाही. खुणा असलेला एक पारदर्शक पेला दिला आणि आठवडाभर रोजचा कफ मोजण्यास सांगितले. रोज साधारण तीस मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे, पांढरट पिवळा कफ पडत होता. ही त्यांची ‘नेहमीची’ स्थिती ठरली. ती ठाऊक असल्याशिवाय आजार उफाळला की नाही, हे ओळखता येत नाही.

त्यानंतर भौतिकोपचार तज्ज्ञ मॅडमनी त्यांना श्वासाचे चक्र शिकवले. त्याचे तीन भाग आहेत. पहिल्या भागात खुर्चीत टेकून, खांदे सैल सोडून, पोटाच्या हालचालीने शांत श्वास घ्यायचा. साधारण अर्धा मिनिट. दुसऱ्या भागात नाकाने तीन-चार वेळा खोल श्वास घ्यायचा, प्रत्येक वेळी सुमारे तीन सेकंद रोखायचा आणि जोर न लावता सोडायचा. रोखलेली हवा आडमार्गाने कफाच्या पाठीमागे पोचते आणि बाहेर येताना त्याला पुढे सारते. मग पुन्हा शांत श्वास. तिसरा भाग सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त चुकणारा. त्यास ‘हफ’ म्हणतात. तोंड उघडे, घसा मोकळा ठेवून आतील हवा लांब फुंकाराने बाहेर टाकायची. बाईंचा पहिला प्रयत्न म्हणजे घसा आवळून काढलेला खोकलाच होता. मॅडम म्हणाल्या, “मावशी, आरशावर वाफ धरायची आहे असं समजा. घशातून घरघर यायला नको, पोटातून वारा यायला हवा.” चौथ्या वेळी ते जमले.

हफमध्येही क्रम आहे. आधी मध्यम श्वास घेऊन लांब हफ केला की खोल, बारीक नलिकांतील कफ हलतो. तो वर आल्यावर मोठा श्वास घेऊन छोटा, जोरदार हफ करायचा आणि मग एक-दोनदाच खोकायचे. सुरुवातीपासून खोकत राहिल्यास नलिका मध्येच दबतात, कफ आत अडकतो आणि माणूस थकून जातो. एका वेळी दोनपेक्षा अधिक हफ सलग करू नयेत. लगेच शांत श्वासाकडे परतावे. हे संपूर्ण चक्र दहा ते वीस मिनिटे चालू ठेवायचे. लागोपाठ दोन चक्रांत हफचा आवाज कोरडा आला, खळखळ ऐकू आली नाही, की थांबायचे. सकाळी एकदा व सायंकाळी एकदा, आणि जेवणानंतर किमान तासभर तरी नाही.

शरीराची स्थितीही पाहावी लागते. फुफ्फुसाच्या वरच्या भागातील कफ बसलेल्या अवस्थेत आपोआप खाली, मोठ्या नलिकेकडे उतरतो. क्षयरोगाने बहुधा वरचा भाग खराब होतो, त्यामुळे अशा काही रुग्णांना कफ फारसा येत नाही, उलट थुंकीतून रक्त येते. खालच्या भागाला ही सोय नाही. म्हणून बाईंना सकाळचे चक्र उजव्या कुशीवर, म्हणजे खराब बाजू वर ठेवून, करण्यास सांगितले. डोके खाली आणि पाय वर अशी जुनी पद्धत अनेक घरांत अजून सांगितली जाते. तीमुळे जठरातील आम्ल घशाशी येते आणि धाप वाढते; हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा रक्ताची थुंकी असलेल्यांनी तर ती मुळीच करू नये.

श्वासात घेण्याची औषधे असल्यास त्यांचाही क्रम आहे. नलिका मोकळ्या करणारे औषध प्रथम, डॉक्टरांनी दिले असल्यास मिठाच्या तीव्र पाण्याची वाफ त्यानंतर, मग श्वासाचे चक्र, आणि सूज कमी करणारे अथवा प्रतिजैविक औषध सर्वांत शेवटी. आधीच घेतलेले औषध कफावर बसते आणि कफाबरोबर बाहेर पडते. मिठाच्या पाण्याची पहिली मात्रा रुग्णालयातच घ्यावी, कारण काहींची छाती त्याने आवळते. खोकला दाबणारी सरबते या आजारात टाळावीत.

आता आजार उफाळण्याविषयी. खोकला, कफाचे प्रमाण वा घट्टपणा, कफाचा रंग, धाप, थकवा आणि थुंकीतील रक्त या सहांपैकी तीन किंवा अधिक गोष्टी नेहमीपेक्षा बिघडल्या, तो बिघाड अठ्ठेचाळीस तास टिकला आणि उपचार बदलण्याची गरज डॉक्टरांना वाटली, तर आजार उफाळला असे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी सन २०१७ मध्ये ठरवले. यात तापाचा उल्लेख नाही, हे कुटुंबीयांनी लक्षात ठेवावे. ‘ताप नाही ना, मग थांबू’ असे म्हणत आठवडा जातो.

पुढच्या हिवाळ्यात बाईंच्या पेल्यात तीसऐवजी साठ मिलिलिटर कफ येऊ लागला, रंग हिरवा झाला, आणि चूल ते गोठा एवढ्या अंतरात त्यांना थांबावे लागले. तिसऱ्या दिवशी त्या आल्या. गोळी घेण्यापूर्वी कफाचे दोन नमुने घेतले, एक क्षयरोगासाठी आणि दुसरा इतर जंतूंच्या संवर्धनासाठी. हा क्रम चुकवू नये. छातीच्या संसर्गावर सर्रास दिल्या जाणाऱ्या काही प्रतिजैविकांनी क्षयरोगाचे जंतूही तात्पुरते दबतात. रुग्णाला बरे वाटते, तपासणी फसते आणि निदान लांबते. तसेच औषध सुरू झाल्यावर घेतलेल्या नमुन्यात खरा जंतू उगवत नाही. बाईंच्या नमुन्यात क्षयरोग नव्हता, स्यूडोमोनास नावाचा चिवट जंतू होता. नेहमीच्या बहुतेक गोळ्या त्याच्यावर चालत नाहीत. वर्षानुवर्षे पाच दिवसांचा उपचार का फसत होता, याचे उत्तर तेथे मिळाले. त्यांना अहवालानुसार औषध चौदा दिवस देण्यात आले आणि त्या काळात श्वासाचे चक्र दोनऐवजी चार वेळा करवून घेतले.

वर्षातून तीन वा अधिक वेळा आजार उफाळणाऱ्या रुग्णांस काही वेळा अझिथ्रोमायसिन दीर्घकाळ अल्प मात्रेत देतात. त्याआधी क्षयरोगाच्या जातकुळीतील इतर जंतू कफात नाहीत, याची खात्री आणि हृदयालेख आवश्यक असतो. शेजाऱ्याला लागू पडले म्हणून दुकानातून आणण्याचे हे औषध नव्हे.

थुंकीत रक्ताचा धागा दिसल्यास हफ आणि छाती थोपटणे थांबवून डॉक्टरांना कळवावे. ताजे लाल रक्त काही चमचे आल्यास घरी थांबू नये. रुग्णाला खराब बाजू खाली ठेवून कुशीवर झोपवावे, म्हणजे चांगल्या फुफ्फुसात रक्त उतरत नाही, आणि त्याच स्थितीत रुग्णालयात आणावे. कोणती बाजू खराब आहे हे घरातील प्रत्येकास माहीत असणे म्हणूनच आवश्यक आहे.

आपल्या भागात ऊसतोडीचा हंगाम आणि थंडी एकदमच येतात. पाचट पेटवल्याचा धूर, गुऱ्हाळाचा धूर आणि चुलीचा धूर या रुग्णांना सारखाच बाधतो. बाईंच्या मुलाने पाचट न जाळता सरीत कुजवण्यास सुरुवात केली. शेजारच्या रानातील धुरावर मात्र इलाज नाही, त्या दिवशी खिडक्या लावून घ्याव्या लागतात. हंगामापूर्वी फ्लूची लस दरवर्षी, आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. नेब्युलायझरची वाटी प्रत्येक वापरानंतर धुऊन पूर्ण कोरडी करावी. ओल्या वाटीत स्यूडोमोनास मजेत राहतो.

रुंदावलेल्या नलिका पूर्ववत होत नाहीत. बाईंचा रोजचा कफ आजही आहे. फरक एवढाच की त्यानंतरच्या वर्षात तीनऐवजी एकदाच आजार उफाळला आणि रुग्णालयात दाखल व्हावे लागले नाही. श्वासाचे चक्र शिकवण्यास भौतिकोपचार तज्ज्ञांची चाळीस मिनिटे लागतात आणि महिन्याने हफ पुन्हा तपासावा लागतो, कारण तोपर्यंत बहुतेकांचा घसा पुन्हा आवळू लागलेला असतो. या वेळेचे देयक आपण रुग्णास लावत नाही. तो खर्च देणगी निधीतून होतो. पुढील भेटीस येताना रुग्णाने जुने स्कॅन, कफाची नोंदवही आणि सकाळचा, गोळी घेण्यापूर्वीचा कफ झाकणाच्या स्वच्छ डबीत सोबत आणावा. डबी आदल्या दिवशी रुग्णालयातून विनामूल्य मिळते.