टोळी निघण्याआधी सासूबाईंना शिकवा : व्हिडिओ कॉल आणि फोटो

मैत्रिणींनो, दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या भागातल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको कोयता घेऊन फडावर जातात आणि शाळेत जाणारं लेकरू गावी आजीजवळ राहतं. पुढचे पाच-सहा महिने लेकराचा ताप, शाळा, जेवणखाण सगळं त्या म्हातारीच्या अंगावर असतं. तिच्याकडे फोन असतो, पण बहुतेक वेळा तो फक्त साध्या कॉलपुरता. लेकराच्या अंगावर काय उठलंय, डॉक्टरांनी कोणती गोळी लिहून दिलीय, हे बोलून समजत नाही. ते बघावं लागतं. म्हणून निघायच्या आधीच्या आठ दिवसांत सासूबाईंना किंवा आईला दोनच गोष्टी पक्क्या शिकवा: व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल आणि फोटो. अक्षरओळख नसली तरी हे जमतं. चित्र आणि रंग ओळखता आले की पुरे.

आधी फोन तयार करा

जो फोन घरी राहणार आहे, त्याच फोनवर शिकवा. तुमच्या फोनवर शिकवलं आणि दुसरा फोन ठेवून गेलात, तर बटणांच्या जागा बदलतात आणि सगळं शिकलेलं वाया जातं.

सेटिंगमध्ये Display उघडा. तिथे अक्षरं मोठी करा आणि Screen timeout दोन मिनिटांवर ठेवा. हा वेळ बऱ्याच फोनवर तीस सेकंदांचाच असतो. म्हातारं माणूस बटण शोधेपर्यंत पडदा काळा होतो आणि तिला वाटतं, फोन बिघडला.

दुसरी अडचण बोटाची. शेतात राबलेल्या हाताची कातडी जाड आणि कोरडी असते. पडद्याला ते बोट लागत नाही, म्हणून ती जोरात आणि जास्त वेळ दाबते. जास्त वेळ दाबलं की फोन त्याचा वेगळाच अर्थ घेतो आणि भलतंच काहीतरी उघडतं. बोट ओल्या फडक्याने पुसून घ्यायला सांगा. नखाने नाही, बोटाच्या मऊ भागाने टेकवून लगेच उचलायचं. हातावर बसलेली माशी उडवतो तसं, हलकं. तरीही जमत नसेल तर सेटिंगमधल्या Accessibility मध्ये Touch & hold delay शोधा आणि ते Long करा. मग बोट थोडं रेंगाळलं तरी चालतं.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. व्हॉट्सॲपमध्ये तुमचं चॅट उघडा, वरच्या तीन टिंबांवर दाबा, More निवडा, मग Add shortcut. फोनच्या पहिल्या पानावर तुमच्या फोटोचं गोल चित्र येतं. सासूबाईंनी तेवढं दाबलं की थेट तुमचं चॅट उघडतं, नावं शोधायची गरज नाही. त्यासाठी तुमच्या व्हॉट्सॲपला फुलाचं किंवा देवाचं चित्र नको, तुमचा स्वतःचा चेहरा हवा. मुलाचं आणि सुनेचं अशी दोन चित्रं ठेवा. त्या पानावरची बाकीची चित्रं शक्य तेवढी दुसऱ्या पानावर सरकवा.

पहिला व्हिडिओ कॉल तुम्हीच त्या फोनवरून लावून बघा. कॅमेरा आणि माईक वापरू का, असं फोन विचारतो. तिथे परवानगी द्या. ही परवानगी राहिली तर पुढे आवाज जात नाही, चेहरा दिसत नाही आणि म्हातारीला कारणही कळत नाही.

पहिले दोन दिवस : आलेला कॉल उचलणे

सुरुवात कॉल लावण्यापासून करू नका. आधी उचलणं शिकवा, कारण फडावरून कॉल तुम्हीच करणार आहात.

इथे एक घोळ हमखास होतो. फोन बंद पडद्याने ठेवलेला असताना कॉल आला, तर हिरवं बटण नुसतं दाबून चालत नाही, बोट टेकवून वर सरकवावं लागतं. पण फोन चालू असताना कॉल आला, तर वर एक पट्टी येते आणि तिथलं हिरवं बटण नुसतं दाबायचं असतं. दोन्ही एकदम शिकवलं की गोंधळ होतो. म्हणून सवय अशी लावा: काम झालं की बाजूचं बटण दाबून पडदा काळा करायचा. मग येणारा प्रत्येक कॉल एकाच रूपात दिसेल, आणि ‘हिरवं वर ढकलायचं’ हा एकच धडा पुरेल.

सराव करताना तुम्ही अंगणाच्या पार टोकाला किंवा शेजारणीच्या घरी जा. दोन फोन एकाच खोलीत असले की कर्कश शिट्टी वाजते आणि नवं माणूस दचकतं.

कॉल उचलल्यावर पहिली सवय असते फोन कानाला लावायची. मग तुम्हाला नुसता कान दिसतो. तिला सांगा, ‘आत्याबाई, हा फोन ऐकायचा नाही, बघायचा. आवाज तसाच मोठा येतो.’ फोन हातात धरला तर छत दिसतं नाहीतर बोट कॅमेऱ्यावर येतं. त्यापेक्षा पाटावर डबा ठेवून त्याला फोन टेकवा. उजेड तोंडावर यावा, पाठीमागून नको. दारात पाठ करून बसलं की चेहरा काळा दिसतो.

बोलताना पडद्याला हात लावायचा नाही, हेही सांगा. चुकून माईकच्या चित्रावर आडवी रेघ आली की तिचा आवाज तुम्हाला येत नाही. त्याच चित्रावर पुन्हा दाबलं की रेघ जाते. बोलणं संपलं की लाल बटण.

तिसरा-चौथा दिवस : कॉल लावणे

आता तीनच पायऱ्या. पहिल्या पानावरचं सुनेचं चित्र दाबायचं. वर उजव्या बाजूला कॅमेऱ्याचं चित्र आहे, ते दाबायचं. मग वाट बघायची. काही फोनवर मध्येच ‘कॉल लावू का?’ असं विचारतात. तुमच्या फोनवर काय येतं ते आधी बघून ठेवा आणि तेवढंच शिकवा.

या सगळ्यात तुमचा हात पाठीमागे असू द्या. तिच्या हातातून फोन घेऊन ‘हे बघा, असं’ म्हणून आपण चटकन करून दाखवतो. तिचं शिकणं तिथेच थांबतं. चुकलं तर तोंडाने सांगा, बोट तिचंच चालू द्या. मागे कसं यायचं, एवढं मात्र पक्कं करून घ्या. भलतं काही उघडलं की मागे यायचं, पहिल्या पानावर जायचं आणि पुन्हा चित्रापासून सुरू करायचं. यामुळे भीती निम्मी कमी होते.

पाचवा-सहावा दिवस : फोटो पाठवणे

आधी माणसाचं चॅट, मग कॅमेरा. हा क्रम मोडू देऊ नका. चॅटच्या बाहेरचा कॅमेरा दाबला तर फोटो भलत्या माणसाला किंवा स्टेटसला जाऊ शकतो. चॅटमध्ये खाली, लिहायच्या पट्टीजवळ छोटा कॅमेरा असतो. तो दाबला की खाली मोठं गोल बटण येतं. ते एकदा टेकवायचं. दाबून धरलं तर फोटोऐवजी व्हिडिओ सुरू होतो. फोटो दिसला की हिरवा बाण दाबायचा.

फोटो गेला की नाही, हे खुणांवरून कळतं. घड्याळ दिसलं तर रेंज नाही, फोटो अजून फोनमध्येच आहे. रेंज आली की आपोआप जाईल. एक टिक म्हणजे गेला, पण तुमच्या फोनवर पोचला नाही. दोन टिक म्हणजे पोचला. घड्याळ किंवा एक टिक बघून तोच फोटो पाच वेळा पाठवायचा नाही, हे समजावून सांगा.

एक प्रसंग धरून सराव करा

समजा, तुम्ही फडावर आहात आणि इकडे नातवाच्या पाठीवर लाल पुरळ उठलं. सासूबाई रात्री व्हिडिओ कॉल लावतात. घरात पिवळा बल्ब, तिकडे कोपीवर रेंज कमी. पडद्यावर Reconnecting येतं आणि चित्र थिजतं. अशा वेळी पुन्हा पुन्हा कॉल लावून उपयोग नाही. साधा कॉल करायचा आणि पोराला ताप आहे का, पाणी पितोय का, एवढं सांगायचं. ताप जास्त असेल, पोर सुस्त पडलं असेल किंवा धाप लागत असेल तर फोटोची वाट न बघता तेव्हाच दवाखाना गाठायचा.

तसं नसेल तर सकाळी पोराला दारात, उजेडाकडे पाठ करून उभं करायचं. एक फोटो हातभर अंतरावरून पूर्ण पाठीचा, दुसरा थोडा जवळून. अगदी चिकटून घेतला तर धूसर येतो. मग चॅटमध्ये माईकच्या चित्रावर बोट दाबून धरायचं, ‘कालपासून उठलंय, खाजवतोय’ असं बोलायचं आणि बोट सोडायचं. निरोप जातो. तुम्ही दुपारी जेवायला बसाल तेव्हा बघाल आणि आशाताईंना फोन कराल. फोटोवरून औषध ठरवायचं नाही, दाखवायला न्यायचंच. दवाखान्यातून आल्यावर गोळीच्या पाकिटाचा फोटो सावलीत घ्यायचा, उन्हात पाकीट चमकतं आणि नाव वाचता येत नाही.

निघण्याआधी हा सगळा प्रसंग एकदा खोटा-खोटा करून बघा. शेजारी बसून नाही, तुम्ही शेतात असताना.

अनोळखी कॉल

शेवटचा धडा उचलण्याचा नाही, न उचलण्याचा. पोलिसाचे कपडे घातलेला माणूस व्हिडिओ कॉलवर येतो, ‘तुमच्या मुलाला पकडलंय, पैसे पाठवा’ म्हणून धमकावतो. कोणी पडदा शेअर करायला सांगतो, कोणी फोनवर आलेला सहा आकडी नंबर विचारतो. मुलगा लांब असलेल्या आईला हे पटकन खरं वाटतं. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये Privacy, त्यात Calls, तिथे Silence unknown callers चालू करा. मग सेव्ह नसलेल्या नंबराचा व्हॉट्सॲप कॉल वाजत नाही. पण त्याआधी मुकादम, आशाताई आणि तुमच्या टोळीतल्या दोघा-तिघांचे नंबर सेव्ह करा, नाहीतर त्यांचेही कॉल वाजणार नाहीत. आणि सासूबाईंना एक वाक्य पाठ करून द्या: ‘लाल बटण, मग सुनेचं चित्र.’ आधी कॉल तोडायचा, मग घरच्यांना विचारायचं. पैसे गेलेच तर लगेच 1930 या नंबरावर कळवायचं.

निघण्याआधी तपासा

सासूबाई एकट्याने तुमचा कॉल तीन वेळा उचलतात का? स्वतः लावतात का? फोटो पाठवून टिक ओळखतात का? इंटरनेटचं रिचार्ज कधी संपतं आणि कोण भरणार, हे ठरलंय का? चारही उत्तरं ‘हो’ असतील तर फोन त्यांच्या हाती द्या. एखादं राहिलं असेल तर गटातल्या गावी राहणाऱ्या एका मैत्रिणीला सांगून ठेवा: आठवड्यातून एकदा आत्याबाईंकडे जा, आणि फोन मात्र त्यांच्याच हातात राहू दे.