त्वचेला तीनच वस्तू पुरेत

आपल्या त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर चेहऱ्यावर जेमतेम मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका जाड असतो. मृत पेशी या त्याच्या विटा, तर मधले स्निग्ध द्रव्य हा चुना. या थराचा सामू ५ च्या आसपास असतो. अंगाच्या साबणाचा ९ ते १०. साबणाने वारंवार तोंड धुतले की चुना निघून जातो व त्वचा ओढल्यासारखी होते. म्हणून पहिली वस्तू सौम्य फेसवॉश, दिवसातून दोनदा. दुसरी, बिनवासाचे साधे मॉइश्चरायझर.

तिसरी वस्तू सनस्क्रीन. वडनेरच्या उन्हात सायकलने शाळेत जाणाऱ्याने ती घराबाहेर पडण्यापूर्वी लावावी. एसपीएफ ३० असेल तर त्वचा भाजणाऱ्या किरणांचा तिसावा भाग आत जातो. मात्र हे मापन दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लेप देऊन करतात. चेहरा व मान मिळून ६०० चौरस सेंटिमीटर धरले, तर १.२ ग्रॅम लागेल. दोन बोटांवर लांब रेघा ओढल्या की साधारण तेवढे होते. लेप निम्मा केला तर संरक्षण निम्मे होईल का? आदर्श लेपाच्या गणिताने तीसचे वर्गमूळ घ्यावे लागते, म्हणजे सुमारे साडेपाच!

मग चौथी बाटली का नको? पाच वस्तू एकदम सुरू केल्या आणि चेहरा लाल झाला, तर दोषी कोण हे कळत नाही. प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच राशी बदलतो. इथेही नवी वस्तू आठवडाभर कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावी. खाज सुटली तर तीच सोडावी.