चॅनल लावायचं ते गिऱ्हाइकासाठी

अगं, तुझे गडकिल्ल्यांचे व्हिडिओ मी आवडीने बघतो. पण ते बघून कुणी तुला शाळेच्या स्नेहसंमेलनाचं काम देणार नाही, हे आधी पक्कं समजून घे. काम देणारा माणूस प्रेक्षक म्हणून येत नाही. संस्थेचे सचिव कार्यालयात बसलेले असतात, समोर कुणीतरी सहीसाठी ताटकळत असतं आणि त्यातच त्यांनी मोबाइलवर तुझी लिंक उघडलेली असते. तुझे सबस्क्रायबर किती, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. आपल्यासारखा कार्यक्रम हिने कधी केलाय का आणि तो बघण्यासारखा झालाय का, एवढंच त्यांना मिनिटभरात कळायला हवं. राजगडावरचा सूर्योदय दिसला तर ते 'छान आहे' म्हणतील आणि फोन खाली ठेवतील.

म्हणून कामाचं चॅनल वेगळं काढ. त्याच गूगल खात्यावर दुसरं चॅनल उघडता येतं. त्याच्या नावात तुझं नाव, गाव आणि काम या तीनही गोष्टी असू देत. यूट्यूबवर नव्याने येणाऱ्यासाठी ट्रेलर लावायची सोय आहे. तिथे तुझ्या कामाची मिनिटभराची झलक ठेव. खाली प्लेलिस्ट दोनच पुरेत: एक शाळा-कॉलेजची, दुसरी दुकानांच्या जाहिरातींची. लग्नं नको असतील तर लग्नाची एकही क्लिप चढवू नकोस. जे दाखवशील तसलंच काम दारात येतं, हे आमच्या व्हीएचएस कॅसेटच्या दिवसांपासून चालत आलंय.

आता प्रश्न असा, की अजून काम मिळालंच नाही तर दाखवायचं काय? जवळच्या एखाद्या शाळेचं स्नेहसंमेलन कमी पैशांत कर, पण फुकट नको. सहायकाचा आणि प्रवासाचा खर्च तरी मागायचाच. बदल्यात मुख्याध्यापकांकडून एक कागद घे: निवडक भाग मी माझ्या चॅनलवर दाखवीन. मुलांचे चेहरे असतात, त्यामुळे ही परवानगी तोंडी नको. ज्या पालकांची हरकत असेल त्यांच्या मुलांची नावं शाळेने आधीच द्यावीत, असंही त्यात लिही.

शाळेला पूर्ण कार्यक्रम पेन ड्राइव्हवर हवा असतो, तो दे. चॅनलसाठी मात्र दोन मिनिटांचा वेगळा तुकडा काप. सगळे जण सरस्वतीपूजनापासून सुरुवात करतात. तू विंगेतून कर: काजळाने मिशी काढून घेणारा पोरगा, नऊवारीला पिना लावणाऱ्या बाई, तोंडातल्या तोंडात संवाद घोकणारी मुलगी. मग पडदा उघडू दे. दीपप्रज्वलन पाच सेकंदच दाखव, पण वगळू नकोस. सचिव आधी स्वतःलाच शोधतात!

चित्र सगळ्यांचंच बरं येतं, माणूस ओळखू येतो आवाजावरून. कॅमेऱ्याच्या माइकवर भाषण घेतलंस तर हॉलचा घुमारा आणि मागच्या रांगेतली बडबडच जास्त येईल. कार्यक्रमाच्या तासभर आधी साउंडवाल्याला गाठ आणि त्याच्या मिक्सरमधून तुझ्या रेकॉर्डरला लाइन घे. एकदा 'हॅलो, हॅलो' करून हेडफोनवर ऐक. आवाज फाटत असेल तर रेकॉर्डर लाइन इनपुटवर आहे की माइकच्या, ते तपास. बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो. टाळ्या आणि हशा यांच्यासाठी कॅमेऱ्याचा माइक चालूच ठेव.

आणि मग गाण्यांचं दुखणं. पोरं नाचणार चित्रपटगीतांवर. तो आवाज तसाच चढवलास तर यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा गाणं ओळखते आणि हक्क कंपनीचा म्हणून दावा लागतो. दावा म्हणजे स्ट्राइक नव्हे, चॅनल लगेच बंद पडत नाही. पण कंपनी ठरवेल त्याप्रमाणे तुझ्या व्हिडिओवर जाहिरात लागू शकते, नाहीतर तो दिसणंच बंद होऊ शकतं. सचिवांनी लिंक उघडली आणि व्हिडिओ दिसलाच नाही, तर काय उपयोग? म्हणून चॅनलच्या तुकड्यात नाचाची दृश्यं घे, पण खाली यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं संगीत ठेव. त्यातल्या काहींना श्रेय द्यावं लागतं, ते वर्णनात लिही. मध्येमध्ये टाळ्या आणि बाईंच्या भाषणातलं एखादं वाक्य येऊ दे. चढवताना 'Checks' ही पायरी येते, तिथे दावा आहे का ते आधीच कळतं. ते बघितल्याशिवाय 'Public' करू नकोस.

लिंक पाठवायचीही रीत आहे. सगळ्या चॅनलची नको, एकाच व्हिडिओची पाठव, तीही त्यांच्यासारख्याच कार्यक्रमाच्या. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंकसोबत थंबनेल आणि शीर्षक दिसतं, म्हणजे न उघडताच पहिली परीक्षा होते. शीर्षक 'हायलाइट्स फायनल 2' असं नको. 'प्राथमिक शाळेचं स्नेहसंमेलन, दोन मिनिटांत' असं सरळ असू दे. व्हिडिओ चढवल्या चढवल्या पाठवण्याची घाई नको. यूट्यूब आधी कमी दर्जाची प्रत तयार करतं, एचडी मागाहून येते. त्या मधल्या वेळात कुणी उघडला तर चित्र धुरकट दिसतं आणि त्यांना वाटतं, हिचा कॅमेराच असला. स्वतः दुसऱ्याच्या फोनवर 1080 आलंय का बघ, मगच पाठव.

होकार आला की भाव एका कागदावर लिहून दे. समज, 15,000 सांगितलेस. त्यात काय येतं ते लिही: एक दिवस, दोन कॅमेरे, पूर्ण कार्यक्रमाचा पेन ड्राइव्ह, दोन मिनिटांचा तुकडा आणि प्रवेशाच्या दिवसांत वापरायला 45 सेकंदांची उभी जाहिरात. ही उभी जाहिरात तू आपणहून सुचव. शाळांना त्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला लावायला काहीतरी हवंच असतं. निम्मे पैसे आगाऊ, बाकीचे पेन ड्राइव्ह हातात देताना. दुरुस्त्या दोनदा, पुढे प्रत्येक वेळी वेगळे पैसे. चॅनलवर दाखवण्याच्या परवानगीची ओळ इथेही हवी. ती मान्य नसेल तर काम घे, पण मग भाव थोडा चढा लाव, कारण त्या कामातून तुझा नमुना तयार होणार नाही.

दुरुस्तीची प्रत 'Unlisted' करून पाठव. 'Private' केलीस तर सचिवांना गूगल खात्याने आत यावं लागेल आणि दहा फोन येतील. एवढं लक्षात ठेव, की 'Unlisted'ची लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला ती उघडते. यूट्यूबवर त्याच लिंकवर नवी फाइल बसवता येत नाही, म्हणून प्रत्येक दुरुस्तीला नवी लिंक जाईल. जुनी प्रत लगेच काढून टाक, नाहीतर कुणीतरी चुकीचीच पालकांच्या ग्रुपवर फिरवतो.

स्नेहसंमेलनं बहुतेक डिसेंबर-जानेवारीत असतात आणि त्यांचं बोलणं दिवाळीनंतर सुरू होतं. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीआधी निदान दोन नमुने चॅनलवर असू देत. पहिला चढवलास की मला लिंक पाठव.