पाळी सातची, हजेरी सात बावन्नची

भोसरीच्या एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्यामुळे गावी गेलेली माणसे शुक्रवारी पहाटेची एसटी पकडून नाशिक रस्त्याने परततात, आणि चाकणच्या कोंडीत अडकली की सातच्या पाळीचे गणित बिघडते. मी एका कारखान्यात एचआर सांभाळतो. अशाच एका सीएनसी ऑपरेटरसाठी शॉप इन्चार्जने ताकीदपत्र लिहून माझ्याकडे सहीला पाठवले. मजकूर असा होता: ‘आपण कायमच उशिरा येता. शंभरदा सांगूनही आपल्या डोक्यात प्रकाश पडत नाही. आपल्यासारख्या बेजबाबदार माणसामुळे सगळ्या लाइनचे वाटोळे होते. यापुढे एक मिनिट जरी उशीर झाला तरी कोणतीही सूचना न देता कामावरून काढून टाकू.’ खाली लिहिले होते, ‘प्रत: सूचना फलक’.

इन्चार्जचा राग खोटा नव्हता. पहिल्या पाळीचा माणूस आला नाही की तिसऱ्या पाळीच्या ऑपरेटरला मशीन सोडून जाता येत नाही. रात्रभर उभा असलेला माणूस आणखी पाऊण तास थांबतो, त्याचा ओव्हरटाइम लागतो आणि घरी जाणारी बस चुकते. पण असेच एक पत्र मी पूर्वीच्या कारखान्यात फलकावर लागलेले पाहिले होते. युनियनच्या प्रतिनिधीने व्यवस्थापनाला एवढेच विचारले, ‘कायम म्हणजे कोणकोणत्या तारखांना?’ कोणाकडे उत्तर नव्हते. पत्र चार लोकांसमक्ष मागे घ्यावे लागले, आणि पुढे त्या कामगाराचा खरोखरचा उशीरही कोणी कागदावर आणायला धजेना.

स्थायी आदेशांत सवयीने उशिरा येणे हे गैरवर्तन धरले आहे. म्हणजे सिद्ध करायची असते ती पुनरावृत्ती, आणि ती विशेषणांनी होत नाही. शिवाय आरोपपत्र आणि चौकशी यांच्याशिवाय माणसाला काढता येत नाही, त्यामुळे ‘सूचना न देता काढू’ या धमकीतून कामगाराला भीती कमी वाटते आणि शिक्षा आधीच ठरली होती, असा पुरावा मात्र आयता त्याच्या हाती जातो.

म्हणून पत्राला हात लावण्याआधी मी बायोमेट्रिकची जुलै-ऑगस्टची प्रत काढली. त्यात नऊ लाल खुणा होत्या. त्या गेटवरच्या सुरक्षा रजिस्टरशी ताडून पाहिल्या, तर १० जुलै आणि ७ ऑगस्टला कंपनीची बसच उशिरा आलेली. त्या दिवशी बसमधल्या सगळ्यांनाच लाल खूण होती. ३० जुलैला त्याच्याकडे इन्चार्जच्याच सहीचा गेटपास होता. या तीन तारखा पत्रात गेल्या असत्या, तर उरलेल्या सहाही संशयात आल्या असत्या. उरलेल्या सहा तारखा मात्र सगळ्या शुक्रवारच्या निघाल्या. त्याच लाइनवर आणखी कोण उशिरा येते हेही पाहिले. एकालाच पत्र आणि दुसऱ्याला सूट, असे झाले की आकसाचा आरोप येतोच, आणि तो रास्तही असतो.

मग त्याला केबिनमध्ये बोलावले. सोबत इन्चार्ज होते, दार लावलेले. ‘दादा, हे सगळे शुक्रवारच आहेत,’ म्हणून मी प्रत पुढे ठेवली. तो थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, ‘साहेब, नारायणगावला आई एकटी असते. गुरुवारी रात्री निघायचं जिवावर येतं.’ कारण ऐकून घेतले. पत्र तरीही दिले, कारण तोंडी सूचना दोनदा देऊन झाली होती. पण ‘घरच्या अडचणी सांगू नयेत’ किंवा ‘आईचे निमित्त करून’ असले काही त्यात येऊ दिले नाही. केबिनमध्ये विश्वासाने सांगितलेले कागदावर उलटवायचे नसते.

शेवटी गेलेले पत्र असे:

‘विषय: कामावर वारंवार उशिरा हजर राहण्याबाबत लेखी ताकीद.

आपली पाळी सकाळी ७:०० वाजता सुरू होते व १० मिनिटांची सवलत आहे. हजेरी नोंदीनुसार आपण पुढील दिवशी उशिरा हजर झालात: ५ जुलै (७:२६), १९ जुलै (७:३१), २६ जुलै (७:२४), २ ऑगस्ट (७:४८), १६ ऑगस्ट (७:५२), २३ ऑगस्ट (७:३५). नोंदीची प्रत सोबत जोडली आहे. याबाबत २६ जुलै व २ ऑगस्ट रोजी आपणांस तोंडी सूचना देण्यात आली होती.

या सहाही दिवशी तिसऱ्या पाळीच्या ऑपरेटरला आपण येईपर्यंत मशीनवर थांबावे लागले.

यापुढे आपण ७:०० वाजता मशीनवर हजर राहावे. अपरिहार्य कारणाने उशीर होणार असल्यास ६:३० पूर्वी इन्चार्जना फोन करावा. आपल्या हजेरीचा आढावा ३० नोव्हेंबर रोजी घेतला जाईल. दरम्यान पुन्हा असेच घडल्यास स्थायी आदेशांनुसार कारवाई सुरू करण्यात येईल.

वरील नोंदी चुकीच्या वाटत असल्यास किंवा आपणांस काही सांगायचे असल्यास सात दिवसांत लेखी कळवावे. आपले उत्तर या पत्रासोबत ठेवले जाईल.’

हे पत्र पहिल्यापेक्षा मवाळ आहे, असे इन्चार्जना वाटले. मला तसे वाटत नाही. पहिल्या पत्राला ‘मी कायम उशिरा येत नाही’ एवढे खरे उत्तर पुरेसे होते; याला उत्तर द्यायचे तर तारीख खोडावी लागते. ‘आपले काम उत्तम आहे, पण’ अशी गोड सुरुवातही मी मुद्दाम टाळली. माणसाला ती दिखाऊ वाटते, आणि पुढे प्रकरण वाढले तर तेच वाक्य आपल्यासमोर वाचून दाखवले जाते.

पत्र त्याच केबिनमध्ये, दोन प्रतींत दिले. एका प्रतीवर ‘मिळाले’ आणि तारीख घालून सही घेतली. सही म्हणजे कबुली नव्हे, हे त्याला आधी सांगितले. बहुतेक जण तेवढ्यासाठीच सही नाकारतात. नाकारलीच, तर दोन साक्षीदारांच्या सहीने तशी नोंद करावी आणि पत्र स्पीड पोस्टाने घरच्या पत्त्यावर पाठवावे. फलकावर काहीही लावू नये. पगाराचेही पाहावे: वीस-तीस मिनिटांच्या उशिराला अर्धा दिवस कापण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, पण कपात गैरहजर वेळेच्या प्रमाणातच करता येते. या सहा दिवसांची मिळून ती ३ तास ३६ मिनिटे होते.

पुढचे शुक्रवार तो वेळेवर आला. १८ ऑक्टोबरला ७:१४ झाले, पण त्याने ६:२० ला फोन केला होता, राजगुरुनगरजवळ एसटी बंद पडली म्हणून. इन्चार्ज म्हणाले, काढा दुसरे पत्र. पत्रात आपणच फोनची सोय दिली होती आणि त्याने ती पाळली होती, म्हणून मी हजेरीपटासमोर फोनची वेळ आणि कारण लिहून ठेवले. दुसरे पत्र काढले नाही.